सहीतलं वाक्य

दीपमाला सिरसाटची प्रयोगशाळा अकोल्यात रतनलाल प्लॉटच्या मागच्या गल्लीत, एका पिठाच्या गिरणीच्या वर होती. माती, पाणी आणि बियाणं तपासायची सोय. गिरणी सुरू झाली की वरच्या काचेच्या नळ्या हलक्या हलक्या किणकिणायच्या, आणि अमरीन हातातलं मोजमाप थांबवून गिरणी बंद व्हायची वाट बघत बसायची. बारा वर्षं झाली होती प्रयोगशाळेला. सुरुवातीला लोक मातीच्या पिशव्या घेऊन रांगेत बसायचे. पण दोन हजार पाच-सहापासून गावोगाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं जे सत्र चाललं होतं, त्यात माती तपासून घ्यायचा उत्साह कोणाला राहणार? पिशव्या कमी झाल्या. दीपमालाच्या बोलण्यातही एक जडपणा आला. कोणी "कसं चाललंय मॅडम?" विचारलं की ती "चाललंय" एवढंच म्हणायची.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये अमरावतीला लघुउद्योजकांसाठी दोन दिवसांचं शिबिर झालं. दीपमाला गेली, कारण आता पुण्या-मुंबईच्या कंपन्यांची कामं मिळाल्याशिवाय भागणार नव्हतं. शिबिरात नागपूरचे एक गृहस्थ 'व्यावसायिक प्रतिमा' या विषयावर बोलले. त्यांनी सगळ्यांचे ईमेल पडद्यावर लावून दाखवले. दीपमालाचाही लावला. खाली नुसतं 'दीपमाला' आणि एक मोबाईल नंबर.

"हे घरचं पत्र वाटतं," ते म्हणाले. लोक हसले. "ईमेल म्हणजे तुमच्या दुकानाचा उंबरठा. पूर्ण नाव, पदवी, पत्ता द्या. आणि एक सुविचार. तोही रोज तोच नको. बदलता ठेवा. समोरच्याला वाटलं पाहिजे, हा माणूस विचार करणारा आहे."

परतीच्या एसटीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत दीपमाला त्या हसण्याचाच विचार करत होती. चांदूर बाजारच्या शाळेत तिचे वडील मास्तर होते. त्यांनी तिला शिकवलं होतं, की आपल्याला लोक दोनदा तपासतात, म्हणून आपण तीनदा तपासावं. पन्नास माणसांसमोर तिचा ईमेल घरचा ठरला, हे तिला टोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने अमरीनला सांगितलं. अमरीन बालापूरची, रसायनशास्त्रात एमएस्सी, सहा वर्षांपासून तिच्याकडे. संगणकाचं सगळं तीच बघायची. तिने शोधून काढलं, की त्यांच्या मेलच्या प्रोग्रामला एक छोटी जोड बसवता येते. एका साध्या फाइलमध्ये एकेका ओळीत एकेक वाक्य लिहून ठेवायचं. नवा मेल उघडला किंवा उत्तर लिहायला घेतलं, की जोड त्यातलं कुठलंही एक वाक्य उचलते आणि सहीत टाकते. कुठलं येईल ते आपल्या हातात नसतं.

"आता वाक्यं सांगा ताई," अमरीन म्हणाली. "मी लिहिते."

वाटलं होतं दहा मिनिटांचं काम. चार दिवस गेले.

पहिल्या दिवशी अमरीनने पाचसहा शेर आणले. तिच्या अब्बांच्या वहीतले, अब्बांनीच रचलेले. एक फारच छान होता, मातीबद्दलचा. दीपमालाने दोनदा वाचला.

"छान आहे. पण उर्दू नको गं."

"काहून?"

"लोकांना वाटेल प्रयोगशाळा आहे की मुशायरा."

अमरीन हसली. पण तिला खरं कारण कळलं होतं, आणि दीपमालालाही कळलं होतं की तिला कळलंय. 

दुसऱ्या दिवशी दीपमालाने घरून वडिलांचं जुनं पुस्तक आणलं. त्यात पेन्सिलीने खुणा केलेली बुद्धवचनं होती. अमरीनने एक लिहायला घेतलं तर दीपमालाने तिचा हात धरला.

"राहू दे."

"का ताई? हे तर तुमचंच आहे."

"म्हणूनच. सिरसाट वाचून ज्याला कळायचं त्याला कळतंच. खाली वचन टाकलं की ज्याला नाही कळायचं त्यालाही कळेल. पुण्याच्या माणसाने आकडा वाचावा. मी कोण, ते कशाला वाचावं?"

मग 'परमेश्वर' असलेली म्हण दीपमालाने काढून टाकली, कारण ती तिची नव्हती. परकीय विद्वानांची वाक्यं अमरीनने काढली, कारण ती खरंच त्यांची का याचा पत्ता लागेना. 'यश', 'शिखर', 'झेप' असले शब्द असलेली वाक्यं दोघींनी मिळून काढली. ती दर कॅलेंडरवर असतात. असं गाळत गाळत शेवटी सात म्हणी उरल्या. कोणाच्याच नाहीत, सगळ्यांच्या. थेंबे थेंबे तळे साचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला. पेराल तसे उगवेल. असल्याच.

"ही शेतीची पण आहे," तिसऱ्या म्हणीवर अमरीन म्हणाली. "बियाण्याच्या प्रयोगशाळेला शोभते."

"शोभते," दीपमाला म्हणाली. ती थकली होती.

अमरीनने वाक्य वर आणि त्याखाली नाव अशी मांडणी केली. तशी दिसायला चांगली वाटली, म्हणीखाली सही केल्यासारखी. दोघींनी स्वतःलाच सात-आठ मेल पाठवून बघितले. मराठी अक्षरं नीट उमटत होती, वाक्यं बदलत होती. पण ते सगळे मेल कोरे होते. वर काहीच लिहिलेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका कंपनीचं उत्तर आलं. काम पन्नास नमुन्यांचं होतं, आणि पत्राच्या शेवटी तिथल्या बाईंनी लिहिलं होतं, 'तुमचे सुविचार आवडतात.' दीपमालाने ते अमरीनला वाचून दाखवलं. त्या दिवशी दोघींनी खालून समोसे मागवले.

त्या साली पाऊस उशिरा आला. पेरण्या जुलैवर गेल्या. जुलैच्या मध्यावर बार्शीटाकळी तालुक्यातून एक बाई आली. मैनाबाई तिचं नाव. पन्नाशीची, हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. तिच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी मिळून सोयाबीन पेरलं होतं, एकाच दुकानातून, एकाच लॉटचं बियाणं. उगवलंच नव्हतं. कुठे चार हातावर एक कोंब, कुठे तेही नाही. एका थैलीत थोडं बियाणं उरलं होतं, ते तिने थैलीसकट आणलं होतं.

"तालुक्याले अर्ज देल्ला," ती म्हणाली. "साहेब म्हणे पाहू. मी म्हटलं आपुन बी पाहू."

अमरीनने चारशे दाणे मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवले. आठ दिवसांनी गुंडाळ्या उघडल्या. शंभरात अडतीस दाणे धड उगवले होते. सोयाबीनला निदान सत्तर लागतात. दीपमालाने स्वतः पुन्हा मोजले. अडतीसच. तिने अहवाल केला आणि मैनाबाईच्या हातात दिला.

अर्ज तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे गेला. समितीने पंचनामा केला, दुकानातून त्याच लॉटचं बियाणं सीलबंद करून सरकारी प्रयोगशाळेत पाठवलं. तो निकाल यायला वेळ होता. तोवर तालुका कृषी अधिकारी इंगळे यांनी दीपमालाला मेल केला. मेल छोटा होता. 'आपला अहवाल अर्जदारांनी जोडला आहे. बियाणे निकृष्ट होते की पेरणीत दोष होता, याबाबत आपले मत कळवावे.'

दीपमालाने त्याच मेलला उत्तर दिलं. त्या दिवशी गिरणी सारखी सुरू होती आणि तिचं डोकं ठणकत होतं. तिने वर लिहिलं, 'नमुन्याची उगवणशक्ती ३८ टक्के आढळली. पेरणीबाबत मत देणे प्रयोगशाळेच्या कक्षेत नाही. अहवाल सोबत जोडला आहे.' तीन ओळी तिने तीनदा वाचल्या, आकडा तपासला, जोडलेली फाइल उघडून बघितली आणि पाठवून दिलं. खाली ती गेली नाही. उत्तरात समोरच्याचं जुनं पत्र खाली येतं आणि सही त्याच्याही खाली, अगदी तळाला. तिथे कोण बघतं?

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मैनाबाई पुन्हा आली. या वेळी ती खुर्चीवर बसली नाही. सुनावणीच्या नोटिशीसोबत अर्जदारांना कागदांच्या प्रती मिळाल्या होत्या. तिने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"माह्या नातीनं वाचून दाखोला. आता तुमी वाचा."

दीपमालाने वाचला. वर तिच्या तीन ओळी. त्याखाली इंगळेंचा प्रश्न, बियाणे निकृष्ट होते की पेरणीत दोष होता, आपले मत कळवावे. आणि त्या प्रश्नाच्या बरोबर खाली:

पेराल तसे उगवेल.
दीपमाला सिरसाट, एम.एस्सी. (कृषी)

तिने कागद खाली ठेवला आणि परत उचलला.

"मले सांगा बाई," मैनाबाई म्हणाली, "म्या काय वंगाळ पेरलं? तीस वर्सं झाली पेरून राहिली. माह्या हातचं कधी हुकलं नाई. गटातल्या बाया मले म्हणून राहिल्या, तूच नेलं होतं ना मॅडमकडं? मॅडमनंच लिवून देल्लं, आपलीच चूक."

"मावशी, हे मी लिहिलं नाही."

"खाली तुमचं नाव हाये."

"नाव माझंच आहे. पण हे वाक्य... हे आपोआप येतं."

"आपोआप?"

दीपमालाने समजावून सांगितलं. मेल, फाइल, सात म्हणी. मैनाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तुमी कोणाले बी काई बी म्हणता, अन तुमाले मालूम बी नाई राहत?"

अमरीन आतल्या दारात उभी होती.  दीपमाला म्हणाली, "मी सुनावणीला येते. तिथे सांगते."

मैनाबाई गेल्यावर अमरीनने ती फाइल उघडली. "ताई, मीच म्हटलं होतं शोभते म्हणून."

"आणि मी हो म्हटलं." दीपमालाने कपाळ दाबलं. "एक सांगू? तुझ्या अब्बांचा शेर टाकला असता ना, तर असं झालं नसतं. तो वाचून कोणाला वाटलं नसतं की हे बियाण्याबद्दलचं मत आहे. आपण नेमकं तेच ठेवलं जे कुठेही चिकटतं."

त्याच दिवशी अमरीनने सेटिंगमध्ये जाऊन ती जोड काढून टाकली. पण गेलेले मेल परत येत नाहीत. दोघींनी पाठवलेल्या मेलांची यादी उघडली आणि मार्चपासूनचा एकेक मेल तळापर्यंत वाचला. एका विहिरीच्या खाऱ्या पाण्याच्या अहवालाबद्दल पाठवलेल्या उत्तराखाली 'थेंबे थेंबे तळे साचे' निघालं. ते बघून अमरीनला हसू फुटलं आणि लगेच विरलं. पाच जणांना दीपमालाने फोन करून सांगितलं की खालचं वाक्य अहवालाचा भाग नाही. चौघांनी म्हटलं, आम्ही बघितलंच नाही. एक जण म्हणाला, मॅडम, आम्हाला वाटलं तुम्ही टोमणा मारला, पण खरंच होतं म्हणून आम्ही काही बोललो नाही.

इंगळेंना तिने लेखी खुलासा पाठवला. त्यात सही म्हणून फक्त नाव होतं.

सुनावणी बार्शीटाकळीच्या तालुका कृषी कार्यालयात झाली. लांब टेबल, भिंतीवर कीडनियंत्रणाचे तक्ते, छताचा पंखा एका बाजूला कललेला. अकरा बायका भिंतीला लागून बसल्या होत्या. बियाण्याच्या कंपनीकडून सहदेव ठोसर म्हणून एक प्रतिनिधी आला होता. पांढरा शर्ट, गोड आवाज. त्याच्या फाइलमध्ये तोच मेल होता आणि शेवटच्या ओळीवर पिवळा रंग फिरवलेला होता.

"साहेब," तो इंगळेंना म्हणाला, "यांच्याच तज्ज्ञ मॅडमनी लिहिलंय. मत विचारलं तर मत दिलंय. खाली सही आहे. आता खुलासा आलाय तो नोटीस निघाल्यानंतरचा."

इंगळेंनी दीपमालाकडे बघितलं. ती उभी राहिली आणि जे मैनाबाईला सांगितलं तेच तिने सांगितलं. संगणक सात वाक्यांतून एक उचलतो. वाक्य माझं मत नाही. माझं म्हणणं वरच्या तीन ओळींत आहे.

"म्हणजे वाक्य संगणकाने निवडलं?" ठोसरने विचारलं.

"हो."

"आणि अडतीस हा आकडा?"

"तो दाणे मोजून काढला. दोनदा."

"पण मॅडम, पत्र जाताना ते तुम्ही पूर्ण वाचत नाही. बरोबर?"

 'वाचते' म्हणता आलं असतं. 'त्या दिवशी चुकून राहिलं' असंही म्हणता आलं असतं. पण वडिलांचं शिकवणं तिच्या हाडात भिनलेलं होतं.

"वरचं तीनदा वाचलं," ती म्हणाली. "खालचं वाचलं नाही. ती माझी चूक आहे. ती त्या आकड्याच्या माथी मारू नका आणि या बायकांच्याही मारू नका."

"हे नोंदवून घ्या साहेब," ठोसर म्हणाला. "पत्र पूर्ण न वाचता पाठवलं."

कारकुनाने नोंदवून घेतलं.  इंगळे वाईट माणूस नव्हते. पण त्यांना निर्णय कागदावरच करायचा होता. खाजगी प्रयोगशाळेचा अहवाल विचारात घेतला जाणार नाही, सरकारी प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहू, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे अडतीस टक्के, चारशे दाणे, आठ दिवस, सगळं बाजूला पडलं.

बाहेर चिंचेखाली बायका जमल्या होत्या. त्यातली एक, माणिकबाई, मोठ्याने म्हणाली, "कायले आनलं हिले? हिच्यानंच घात झाला."

मैनाबाई तिच्याकडे वळली. "घात झाला तं झाला. पर चार लोकात उभी राहून माही चूक म्हनाली ते. तो कंपनीवाला म्हनाला का?"

दीपमालाला त्याने फार बरं वाटलं असं नाही. तिने मैनाबाईला हात जोडले आणि अकोल्याची एसटी धरली. खिडकीतून नापेर राहिलेली काळी शेतं मागे जात होती. मधून मधून दुबार पेरणीची हिरवट रेघ दिसायची. तिला इतकी झोप आली होती, की स्टँडवर कंडक्टरने खांदा हलवून उठवलं.

सरकारी निकाल ऑक्टोबरच्या शेवटी आला. उगवणशक्ती एकेचाळीस टक्के. समितीने बियाणं सदोष ठरवलं आणि भरपाईसाठी ग्राहक मंचात जाण्याची शिफारस अर्जदारांना केली. कंपनीने आपणहून प्रत्येकीला एकेक थैली बदलून दिली. सोयाबीनचा हंगाम तोवर निघून गेला होता. मंचात अकरापैकी चारच बायका गेल्या, मैनाबाई त्यातली एक. तारखा पडत राहिल्या. दीपमालाला तिथेही साक्षीला बोलावलं आणि तिथेही तिला विचारण्यात आलं, की आपण पत्रं पूर्ण वाचता का. आता वाचते, असं तिने सांगितलं.

ही गोष्ट जिल्ह्यात थोडी फिरली. कृषी खात्यातला एक जण भेटला की 'काय मॅडम, आज कोणती म्हण?' असं विचारायचा. दोन दुकानदारांनी नमुने पाठवणं बंद केलं. पुण्याचं काम मात्र सुरू राहिलं. सुविचार आवडतात म्हणणाऱ्या बाईंचे मेल येत होते, जात होते. ते वाक्य आता नसतं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

डिसेंबरमध्ये एकदा अमरीनने विचारलं, "ताई, सही अशीच कोरी ठेवायची? ते शिबिरवाले म्हणाले होते..."

"त्यांना माझ्याकडून बियाणं तपासून घ्यायचं नव्हतं," दीपमाला म्हणाली. मग म्हणाली, "नाव, पत्ता, फोन. आणि तुझंही नाव टाक त्यात. दाणे तू मोजतेस."

"माझं?"

"अमरीन परवीन, एम.एस्सी. पूर्ण लिही."

अमरीनने टाइप केलं. दोन नावं एकाखाली एक आली. तिने ते स्वतःलाच एकदा पाठवून बघितलं. वर तिने या वेळी त्या दिवशीच्या एका अहवालाच्या दोन ओळी घातल्या होत्या.

पुढच्या वर्षी मेच्या शेवटी मैनाबाई आली. पेरणीला अजून वेळ होता. तिने दोन गावठी बियाण्यांच्या पुड्या टेबलावर ठेवल्या आणि पदराने घाम पुसला.

"औंदा पेरायच्या आगुदर आनलं," ती म्हणाली. "अन कागद माह्याच हातात द्या. त्या साहेबाले नोका धाडू."

"बसा मावशी," दीपमाला म्हणाली.

खाली गिरणी सुरू झाली. अमरीनने पुडी उघडली आणि दाणे ताटलीत काढले, पण मोजायला घेतले नाहीत. गिरणी बंद व्हायची वाट बघत तिघी तशाच बसून राहिल्या.